‘कुठे गायब झालात?’ न विचारता: जिम सुटलेल्या सभासदाला लिहायचा मेसेज

मेसेज लिहायला बसण्याआधी आम्ही दोन तारखा शेजारी शेजारी मांडतो. सभासद शेवटचा कधी आला ही एक, आणि त्याचं पॅकेज कधी संपतंय किंवा संपलं ही दुसरी. पहिली बायोमेट्रिक मशीनच्या नोंदीत मिळते, दुसरी पावतीवर. बहुतेक जिममध्ये फक्त दुसरीच बघितली जाते आणि ‘तुमची मेंबरशिप संपली आहे, आजच रिन्यू करा’ असा मेसेज जातो. वर्षाचे पैसे एकदम भरून दोन-तीन महिन्यांत यायचा थांबलेला माणूस या यादीत येतच नाही. त्याचे पैसे आधीच जमा असतात, म्हणून कुणाला त्याची घाई नसते. वर्ष संपल्यावर रिन्यूअलचा फोन जातो, तोवर तो मनाने कधीच निघून गेलेला असतो.

या दोघांना एकच मेसेज चालत नाही. पॅकेज संपलेल्याला शंका असते की पुन्हा पैसे घातले तरी पुन्हा तेच होईल. ज्याचे दिवस शिल्लक आहेत त्याच्यापुढे पैशांचा प्रश्न नसतो. त्याला टोचणी असते: पैसे भरलेत आणि आपण जात नाही. जिमवरून गाडी जाताना तो मान दुसरीकडे वळवतो. मेसेज सगळ्यात जास्त चुकतो तो या दुसऱ्या माणसाच्या बाबतीत, म्हणून इथे मुख्यतः त्याच्याबद्दलच लिहितोय.

शेवटच्या हजेरीला एक महिना ते सहा महिने झालेत, अशांची यादी आम्ही काढतो. तीन आठवडे न आलेला माणूस गावाला गेलेला असेल, घरात लग्न असेल, तापाने झोपलेला असेल. त्याला मेसेज गेला की कुणीतरी हजेरी घेतंय असं वाटतं. सहा महिन्यांच्या पुढे मात्र दिनक्रम इतका बदललेला असतो की आपल्याकडच्या नोंदीवरून काही अंदाज बांधता येत नाही.

मग यादीतली नावं हाताने गाळायची. या कामाला रिसेप्शनवरची व्यक्ती आणि दोन्ही पाळ्यांचे ट्रेनर एकत्र बसायला हवेत, कारण सॉफ्टवेअरला माहीत नसलेल्या गोष्टी त्यांना माहीत असतात. कुणाची बदली झाली, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या घरी दुःखद प्रसंग आहे, कुणाची पैसे परत मिळण्याबद्दलची तक्रार अजून पडून आहे, कुणी ‘मेसेज करू नका’ असं सांगून ठेवलंय. ही सगळी नावं बाहेर काढायची. दुखापत होऊन गेलेल्यांनाही या यादीत ठेवायचं नाही. त्यांना फोन करायचा आणि तोही ट्रेनरने, कारण तिथे बोलणं तब्येतीचं असतं. तक्रार पडून असलेल्याला ‘या ना परत’ असा मेसेज गेला तर त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो, हे लक्षात असू द्यावं.

आता खरा प्रश्न. माणूस का थांबला? त्याला विचारून कळत नाही, कारण ‘का येत नाही?’ या प्रश्नाला कोणीही ‘कामं वाढली’ असंच उत्तर देतो. नोंदीत जास्त कळतं. शेवटच्या आठ आठवड्यांची हजेरी काढून बघायची. नियमित येणारा माणूस एका दिवसानंतर एकदमच थांबला असेल तर काहीतरी घडलंय: दुखापत, बदली, कुणाशी वाद, घरची अडचण. आठवड्याला चार दिवस, मग तीन, मग एक असा उतरत गेला असेल तर कारण बहुधा जिमच्या आतच असतं. मशीन बाहेर जातानाही बोट ठेवायला लावत असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. येण्याचे दिवस कमी व्हायच्या आधी थांबण्याची वेळ कमी होते. सव्वा तासाचं वर्कआउट अर्ध्या तासावर आलं की पुढच्या महिन्यात माणूस दिसेनासा होणार, असं धरून चालावं.

संध्याकाळच्या बॅचचं उदाहरण घेऊ. उपनगरातली पहिल्या मजल्यावरची मध्यम जिम, दोन ट्रेडमिल, एक स्क्वॉट रॅक, एक केबल मशीन. सातच्या बॅचमधले बरेच जण पावसाळ्यात थांबले. नोंद बघितली तर सगळे उतरत गेलेले, आणि शेवटचे काही दिवस ७:४० ला येऊन ८:१० ला बाहेर. पावसाला दोष देऊन हा विषय मिटवता येतो, पण पावसामुळे माणूस येत नाही. आलाच तर अर्ध्या तासात परत का जाईल? तो रॅकसाठी थांबला, नंबर लागला नाही, दोन सेट डंबेल मारून निघाला. ऑफिसातून दमून येऊन पुन्हा रांगेत उभं राहणं त्याला नकोसं झालं.

असं कारण सापडलं की पुढचा प्रश्न जिमच्या मालकाला विचारायचा: यात काय बदललंय? इथे बदललं होतं ते एवढंच की संध्याकाळचे ट्रेनर आधी ९ ला निघायचे, आता १० पर्यंत थांबतात, त्यामुळे ८:३० नंतर येणाऱ्यालाही शिकवणारं कुणीतरी असतं आणि रॅक मोकळा असतो. परत यायला हे कारण पुरतं. नवीन झुंबा क्लास, भिंतीचा रंग, आहारतज्ज्ञाचं व्याख्यान ही या माणसासाठी कारणं नाहीत, कारण तो त्यामुळे गेलाच नव्हता. आणि काहीच बदललेलं नसेल तर मेसेज पाठवू नये. आधी काहीतरी बदलावं. नाहीतर तोच माणूस त्याच रांगेत पुन्हा उभा राहतो आणि या वेळी कायमचा जातो.

पहिला मसुदा सगळीकडे साधारण असाच निघतो:

“हाय! बरेच दिवस दिसला नाहीत 😢 तुमचं फिटनेस गोल तुमची वाट बघतंय! कारणं पुरे, आता कामाला लागा 💪 फक्त या आठवड्यात रिन्यूअलवर २०% सूट. आजच या!”

‘बरेच दिवस दिसला नाहीत’ हे समोरासमोर हसून म्हटलं तर आपुलकी वाटते. पैसे घेतलेल्या जिमकडून लेखी आलं की तो टोमणा होतो, कारण आवाज आणि चेहरा दोन्ही गळून पडलेले असतात. ‘कारणं पुरे’ हे वाक्य ज्याचे वडील महिनाभर दवाखान्यात होते त्यालाही जातं. सूट तर या माणसासाठी निरर्थकच. त्याचं पॅकेज चालू आहे, म्हणजे आपण त्याची नोंद उघडूनही बघितली नाही हे त्याला कळतं. शिवाय दर महिना इमानाने येणाऱ्याने पूर्ण पैसे भरले आणि न येणाऱ्याला २०% कमी, ही गोष्ट लपून राहत नाही.

पण सगळ्यात जास्त नुकसान ‘आजच या’ करतं. मेसेज दुपारी ऑफिसात वाचला जातो. पिशवीत ना बूट, ना कपडे. तो दिवस जातो, आणि न गेलेल्या दिवसांत आणखी एका दिवसाची भर पडते, ती या वेळी आपण घातलेली असते. म्हणून आमच्या मेसेजमध्ये ‘आज’, ‘या आठवड्यात’, ‘शेवटची संधी’ असं काही नसतं.

चूक कळली की दुसरा मसुदा उलट्या टोकाला जातो: “असं सगळ्यांचंच होतं, वाईट वाटून घेऊ नका, आम्ही समजू शकतो, तुमच्या सोयीने या.” हा पहिल्यापेक्षा सभ्य आहे, पण काम तेच करतो. वाईट वाटून घेऊ नका म्हटलं म्हणजे वाईट वाटण्यासारखं काहीतरी घडलंय हे आपणच सांगितलं. टोचणी काढायची असेल तर गैरहजेरीचा उल्लेखच करायचा नाही, क्षमा करायलाही नाही. मेसेज जिमबद्दल असावा, त्याच्याबद्दल नाही. या मसुद्यात येण्याचं कारणही राहून गेलंय. नुसत्या गोडव्याने कुणी रात्री साडेआठला बूट घालत नाही.

शेवटी गेला तो मेसेज असा:

“नमस्कार (नाव) सर, (जिमचं नाव) मधून (ट्रेनरचं नाव).
संध्याकाळच्या बॅचमध्ये एक बदल केलाय. मी आता रात्री १० पर्यंत असतो. ८:३० नंतर रॅक आणि ट्रेडमिल बहुतेक मोकळे मिळतात.
पहिल्या दोन दिवसांसाठी ४० मिनिटांचं हलकं वर्कआउट लिहून ठेवलंय, निम्म्या वजनांवर.
पॅकेज मार्चपर्यंत चालू आहे, काही भरायचं नाही.
ही वेळ जमत असेल तर फक्त १ पाठवा. असे मेसेज नको असतील तर ० पाठवा.”

पहिल्या ओळीत त्याचं नाव आणि पाठवणाऱ्याचं नाव आहे, कारण नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं आणि मेसेज उघडायचा की नाही हे तिथेच ठरतं. पोस्टर पाठवलं तर तिथे फक्त ‘फोटो’ दिसतं. त्यातही दुसऱ्या कुणाच्या पोटाचे आधीचे-नंतरचे फोटो असतील तर ते उघडायलाच नको वाटतं.

दुसऱ्या भागात ‘बहुतेक’ हा शब्द मुद्दाम ठेवलाय. नेहमी मोकळे असतात असं लिहून एक दिवस रांग निघाली तर सगळा मेसेज खोटा ठरतो.

निम्म्या वजनाची ओळ बऱ्याच मालकांना अनावश्यक वाटते. ती काढू नये. सुटलेल्या माणसाला परत यायची भीती वाटते ती आपण आता किती मागे पडलोय हे उघडं पडण्याची. आधी ६० किलोचा स्क्वॉट मारणारा माणूस चार महिन्यांनी येतो आणि सवयीने ६० च लावायला जातो. जमलं नाही तर खजील होतो. जमलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, कारण खंडानंतरचं अंगदुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतं. दोन्हीकडून तो पुन्हा सुटतो. प्रत्यक्षात ताकद दमापेक्षा सावकाश उतरते आणि पुन्हा भरूनही लवकर येते. दम मात्र काही आठवड्यांतच कमी झालेला जाणवतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांच्या वर्कआउटमध्ये ट्रेडमिलवर दहा मिनिटं चालणं, धावणं नाही. मग निम्म्या वजनावर चार-पाच व्यायाम, प्रत्येकी दोन सेट, आणि ‘अजून तीन-चार रेप्स निघाल्या असत्या’ वाटेल तिथे थांबायचं. हे आधीच लिहिलेलं असलं की कमी वजन उचलणं ही ट्रेनरची योजना ठरते, त्याचा कमीपणा नाही. छातीत दुखणं, चक्कर किंवा मधल्या काळात कुठलं आजारपण झालं असेल त्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच यावं, आणि हे मेसेजमध्ये नाही तर तो हो म्हणाल्यावर विचारावं.

पॅकेजची ओळ लिहिताना ‘मार्चपर्यंत’ लिहितो, ‘१४० दिवस शिल्लक’ नाही. आकडा दिला की किती वाया गेले याची वजाबाकी तो आपोआप करतो. पॅकेज संपायला महिनाच उरला असेल तर ही ओळ मदत करण्याऐवजी दाबते, तेव्हा तिच्या जागी मुदत वाढवून द्यावी: ‘पॅकेज आता अमुक महिन्यापर्यंत चालू ठेवलंय.’ मोकळ्या वेळेत आणखी एक माणूस आल्याने जिमचा खर्च फारसा वाढत नाही, त्यामुळे हे सूट देण्यापेक्षा स्वस्तात पडतं. ‘काही भरायचं नाही’ हे स्पष्ट लिहायचं, कारण काउंटरवर गेलं की पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज गळ्यात मारतील ही भीती बऱ्याच जणांना असते. आणि ते लिहिल्यावर खरंच मारायचं नाही.

१ किंवा ० एवढंच उत्तर मागतो, कारण वाक्य लिहायचं म्हटलं की खुलासा द्यावा लागतो आणि खुलासा टाळायला माणूस गप्प बसतो. शून्याची सोय ठेवल्याने काही नावं जातात, पण ती ब्लॉक करून जाण्यापेक्षा अशी गेलेली बरी. फार जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर व्हॉट्सॲप आपला नंबरच बंद करू शकतं.

महिला सभासदांना हा मेसेज पुरुष ट्रेनरच्या स्वतःच्या नंबरवरून पाठवू नये. जिमच्या नंबरवरून, दिवसा, शक्यतो महिला ट्रेनरच्या किंवा रिसेप्शनच्या नावाने जावा. रात्री ९ ला ‘मी १० पर्यंत असतो’ असा मेसेज घरात कसा वाचला जाईल याचा विचार करावा. तिथे ती ओळही बदलते: कोणत्या वेळेला किती बायका येतात आणि निघताना पार्किंगचा दिवा चालू असतो का, ही माहिती वेळेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

ज्यांचं पॅकेज संपलंय त्यांच्यासाठी पैशांची ओळ वेगळी, एवढाच फरक. तिथे वर्षाचं पॅकेज पुढे करू नये; एक महिन्याचं किंवा दहा भेटींचं कार्ड असावं, म्हणजे पुन्हा सुटलं तरी फार जात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हेही सांगण्यासारखं कारण आहे, पण बिलाची शेवटची रक्कम खरोखर उतरली असेल तरच. या ५ टक्क्यांत जिमला इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, म्हणून काहींनी मूळ दर चढवला असू शकतो. कर कमी झाल्याचं लिहून बिल तेवढंच निघालं तर ते कुणाच्याही लक्षात येतं.

पाठवण्याचं तंत्र सोपं आहे, पण तिथे एक खाच आहे. व्हॉट्सॲप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं बसतात, मात्र ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला आहे त्यालाच तो मेसेज पोहोचतो. सुटलेल्यांपैकी अनेकांनी तो कधी सेव्हच केलेला नसतो. शिवाय ब्रॉडकास्टमध्ये प्रत्येकाचं नाव घालता येत नाही. म्हणून मजकूर व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या तयार उत्तरांत ठेवायचा, `/sandhya` असा शॉर्टकट द्यायचा, आणि प्रत्येकाच्या चॅटमध्ये तो उघडून नाव व महिना बदलून पाठवायचा. एसएमएसचा नाद इथे सोडावा. देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं मिळतात, म्हणजे हा मजकूर पाच-सहा तुकड्यांत जाईल, वर डीएलटी या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचं टेम्प्लेट आधी नोंदवावं लागतं.

दिवसाला दहा-पंधराच पाठवायचे. घाईत शंभर गेले की उत्तरं तुंबतात, आणि १ पाठवून चार तास काहीच न आलेल्या माणसाचा उत्साह ओसरतो. वेळ आम्ही पाठवणाऱ्याच्या पाळीवरून ठरवतो, म्हणजे उत्तर द्यायला तो जागेवर असावा. सोमवारची सकाळ टाळतो. तेव्हा सगळेच सगळ्यांना कामाला लावत असतात.

१ आला की उत्तर एका ओळीचं: “छान. ज्या दिवशी याल त्या दिवशी सकाळी एक मेसेज टाका, वर्कआउटचं कार्ड काढून ठेवतो.” कोणता दिवस, हे विचारायचं नाही. ‘बघतो’ आलं तर “हो, सावकाश” एवढंच, आणि विषय संपला. मोठं स्पष्टीकरण आलं, की आईची तब्येत, ऑफिस लांब गेलं वगैरे, तर त्यावर उपाय सुचवू नयेत. तब्येतीची चौकशी करावी आणि थांबावं. ऑफिस खरंच लांब गेलं असेल आणि पॅकेज दुसऱ्या कुणाच्या नावावर करायची सोय असेल तर ती सांगावी. त्याने तो परत येणार नाही, पण त्याच्या जागी त्याचा भाऊ येतो. निळ्या टिक्स दिसूनही उत्तर नसेल तर तीन आठवड्यांनी एकच मेसेज, तोही नवीन काही सांगण्यासारखं असेल तर. ‘माझा मेसेज वाचलात का?’ असं कधीही नाही. त्यानंतर नाव यादीतून काढायचं.

एवढं करूनही मेसेज पाण्यात जाऊ शकतो, आणि तो बहुतेक वेळा दारातच जातो. मोबाईलमध्ये टाळलेलं वाक्य काउंटरवर कुणीतरी मोठ्याने म्हणतं: “अरे, आज सूर्य कुठून उगवला?” म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण आजूबाजूचे चार जण वळून बघतात. म्हणून मेसेज सुरू करायच्या आदल्या दिवशी रिसेप्शन, दोन्ही ट्रेनर आणि सफाईच्या मावशी यांना सांगून ठेवायचं की येणाऱ्याला कालच येऊन गेल्यासारखं ‘या सर’ म्हणायचं आणि वजनकाट्यावर उभं करायचं नाही. वजन-मापं दोन आठवड्यांनी, तेही त्याने विचारलं तर.

दुसरी अडचण यंत्राची. बरेच दिवस वापर नसलेली बोटं काही जिम मशीनमधून बंद करून ठेवतात. मग माणूस बोट ठेवतो, मशीन लाल दिवा लावून आवाज काढतं, आणि मागे रांग. ज्यांना मेसेज जाणार त्यांची नोंदणी त्याच दिवशी तपासून चालू करायची. लॉकरचं जुनं भाडं बाकी असेल तर ते पहिल्या दिवशी काढायचं नाही.

मेसेज चालला की नाही हे किती जणांनी १ पाठवला त्यावरून कळत नाही, आणि किती जण एकदा आले यावरूनही नाही. आम्ही बघतो ते पहिल्या भेटीनंतर चौदा दिवसांत दुसऱ्यांदा कोण आलं. उत्तरं भरपूर आणि भेटी कमी असतील तर सांगितलेली वेळ लोकांना जमत नाहीये. पहिली भेट झाली आणि दुसरी नाही, असे बरेच निघाले तर मजकुराला हात लावू नये. पहिल्या दिवसाचं कार्ड काढून बघावं. त्यावर ट्रेनरने निम्म्याऐवजी किती वजन लिहिलंय, ते तिथेच सापडतं.